बिनट्यूबची चाकं

देपालपूरच्या कॉलेजात मला रसायनशास्त्र शिकवायची नोकरी लागली आणि तिच्यामागोमाग आमच्या घरात कार आली. इंदूरमधल्या आमच्या बडा गणपतीच्या मागच्या गल्लीतून देपालपूर गाठायला बस आहे, पण ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि कॉलेजची घंटा बस भरायची वाट बघत नाही. आमचे हे पिथमपूरच्या कारखान्यात शिफ्टला जातात, कंपनीच्या बसनं. त्यामुळे जुनी, पांढरी, छोटी हॅचबॅक घेतली ती माझ्यासाठीच.

माझ्या माहेरी कॉलेजात गेलेली मी पहिली. माझे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणतो, शिरपूरच्या बाजूला काळीपिवळी जीप चालवायचे. जीपमध्ये माणसं, बकऱ्या आणि कांद्याच्या गोण्या एकत्र बसत. त्या जीपवर माझी फी निघाली, वसतिगृहाचा खर्च निघाला आणि एमएस्सीसुद्धा झाली. गाडी चालवायलाही त्यांनीच शिकवलं, सुट्टीत, कापसाच्या रिकाम्या शेतात. म्हणून जुनी गाडी पसंत करायची वेळ आली तेव्हा त्यांना इंदूरला बोलावणं मला अगदी साहजिक वाटलं. ज्यानं इथवर आणलं त्यालाच विचारायचं.

अप्पांनी इंजिन ऐकलं, दारं उघडून-मिटून बघितली, खाली वाकून चेसिस बघितली. मग टायरला बोटांनी ठोकलं आणि तिथेच उकिडवे बसले.

"ह्याच्यात ट्यूब नाही?"

"नाही अप्पा, ट्यूबलेस आहेत चारही."

"मग हवा कोणाच्या भरवशावर राहते?"

मी त्यांना सांगितलं की टायरला आतून एक रबराचा थर असतो, त्यातून हवा झिरपत नाही. टायरची जाड कड रिमच्या खोबणीत घट्ट बसते आणि आतली हवाच तिला आणखी दाबून धरते. खिळा घुसला तरी रबर त्याला आवळून ठेवतं, हवा एकदम जात नाही, हळूहळू जाते.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. शिकलेल्या मुलीचं बोलणं ते नेहमीच पूर्ण ऐकून घेतात, पटलं नाही तरी. मग म्हणाले, "म्हणजे सगळा खेळ रिमवर. आणि तुझ्या त्या रस्त्यावर खड्ड्यात रिम वाकली म्हणजे?"

"वाकली तर सरळ करून घेऊ. लोखंडी रिम आहे."

"आमच्या ट्यूबला रिम वाकडी असो की तिकडी, काही फरक पडत नव्हता. झाडाखाली बसून हातपंपानं हवा भरली की निघाली जीप."

माझ्या सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांची तिसरी पिढी इंदूरची. मराठीत हिंदी कधी शिरते ते त्यांना कळतही नाही. त्या म्हणाल्या, "अप्पाजी, तुम्ही टेन्शन नका घेऊ. आजकल सगळ्या गाड्या अशाच येतात. मला तर चिंता तिच्या इतक्या दूर जाण्याची आहे. इकडे मोहल्ल्यात स्कूल काय कमी आहेत?"

अप्पा हसले आणि उठून हात झटकले. कार घेतली.

पहिले काही महिने टायरांनी मला काहीच त्रास दिला नाही. एकदा वाटेतल्या हातोदजवळ कुठेतरी मागच्या चाकात खिळा घुसला असावा, तोही संध्याकाळी घरी आल्यावर दिसला. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यानं चाक न काढता खिळा उपसला, टोच्यानं भोक साफ केलं, चिकट पट्टी आत ठोसली, बाहेर उरलेलं टोक कापलं. चहा होण्याच्या आत काम झालं. मी मनात अप्पांना सांगितलं, बघा.

पावसाळ्यानंतर मात्र देपालपूरच्या रस्त्यानं अप्पांची बाजू घेतली. त्या रस्त्याचा एक तुकडा गुळगुळीत, पुढचा तुकडा उखडलेला. गुळगुळीत तुकड्यावर घेतलेला वेग उखडलेल्यावर महागात पडतो. एका सकाळी पाण्यानं भरलेला खड्डा मला नुसतं डबकं वाटला. पुढचं डावं चाक दाणकन आपटलं. टायरला काही झालं नाही, फुगवटा नाही, चीर नाही. रिमची कड मात्र एका जागी नखाएवढी आत दबली होती.

त्या दिवसापासून ते चाक रोज थोडं बसायचं. सकाळी घराबाहेर पडले की आधी हवा मोजायची, सिगारेट लायटरच्या जागी लावायच्या छोट्या पंपानं भरायची, मग निघायचं. पंक्चरवाल्यानं चाक पाण्यात बुडवून दाखवलं. बुडबुडे टायरमधून येत नव्हते, रिमच्या कडेपासून येत होते.

"रिम का लीकेज है मैडम. ट्यूब डलवा लो, झंझट खतम."

"ट्यूबलेसमध्ये ट्यूब?"

"सब डलवाते हैं."

मला ते बरोबर वाटलं नाही. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतही टायर ज्या प्रकारचा, त्याच प्रकारचे रिम आणि व्हॉल्व्ह वापरा असंच होतं. रिम सरळ करणाऱ्या वर्कशॉपनं गाडी दिवसभर ठेवायला सांगितली. दिवसभर गाडी ठेवली तर कॉलेज कसं गाठायचं? म्हणून मी रोज सकाळी हवा भरत राहिले.

जानेवारीत एका सकाळी चाक पूर्णच बसलेलं मिळालं. हवा इतकी गेली होती की टायरची कड रिमवरून सुटली होती. माझा छोटा पंप घरघरत राहिला आणि हवा एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर. गल्लीत मी स्टेपनी लावली. समोरच्या ओट्यावरचे काका कौतुकानं बघत होते, "वा भिया, बहूराणी तो मिस्त्री निकली!" कौतुक झालं, पण माझं लेक्चर अर्धं बुडालं.

प्राचार्यांनी मला बोलावलं. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "मैडम, पढ़ाती आप अच्छा हैं, बच्चे भी खुश हैं. पर आपका पहला साल है, अभी पक्का करना बाकी है. प्रैक्टिकल में इंदौर से एक्सटर्नल आते हैं. उनके सामने लैब बंद मिली, तो मैं आपके लिए कुछ नहीं कर पाऊँगा."

हे मी घरी सांगितलं. सांगायला नको होतं असं नंतर वाटलं, कारण सासूबाईंना जे म्हणायचं होतं त्याला आता निमित्त मिळालं. "मी तर म्हणते, रहने दे ना. रोज तिकडे जाताना माझा जीव टांगलेला. एक दिवस रोडवर उभी राहशील एकटी, तेव्हा काय? प्रैक्टिकलपर्यंत बघ, नाही जमलं तर सोड, कोणी काही म्हणणार नाही." त्यांच्या बोलण्यात काळजी होती, टोमणा नव्हता. म्हणून ते जास्त लागलं. हे म्हणाले, "तू ठरव." त्यांचं हेच मला आवडतं, पण त्या रात्री कोणीतरी माझ्यासाठी ठरवलं असतं तर बरं झालं असतं.

अप्पांना फोन केला. त्यांनी जास्त काही विचारलं नाही. "प्रॅक्टिकल कधी?"

"मार्चमध्ये. तीन बॅच आहेत, पहिली दुसऱ्या सोमवारी. बाकीच्यांच्या तारखा ठरायच्यात."

"मी येतो. ते दिवस तुझ्यासोबत गाडीत बसून जाईन, येईन. चाकाला काही झालं तर मी बघेन, तू कॉलेजात जा."

मार्चमधल्या त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी मी त्यांना घ्यायला शिरपूरला गेले. आईला भेटणंही झालं. रविवारी सकाळी उठले तर गाडी अंगणात नव्हती आणि अप्पाही नव्हते. आई गूढ हसत भाकरी थापत होती. थोड्या वेळानं गाडी आली, धुतलेली, पुसलेली. अप्पा उतरले आणि चाकाकडे हात करून उभे राहिले, जसा एखादा माणूस नव्या बैलाकडे हात करतो.

"घातल्या."

"काय?"

"ट्यूबा. चारही चाकांत आणि स्टेपनीतसुद्धा. आता तुझी रिम वाकू दे, फुटू दे. सकाळी उठून हवा भरायचं काम बंद."

मी म्हटलं, "अप्पा, ह्या टायरात ट्यूब घालत नाहीत."

"घालत नाहीत म्हणजे? घातली की मी."

आईनं चुलीपाशी बसून माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे काही बोलले नाही. त्यांनी माझ्यासाठी सकाळी लवकर उठून दुकानदाराला घरून उठवलं होतं. आपल्या चाकाच्या दुखण्यावर त्यांना जो इलाज आयुष्यभर माहीत होता, तोच त्यांनी मनापासून केला होता. मी मनात ठरवलं, हळू चालवू. इंदूरला पोचून बघू.

अप्पांनी आठवडाभराचे कपडे पिशवीत भरले होते. दुपारी निघालो. सेंधवा, जुलवानिया, मग खलघाटचा नर्मदेचा पूल. मार्चचं ऊन होतं आणि रस्ता तव्यासारखा. हळू चालवायचं ठरवलं तरी हायवे हळू चालवू देत नाही. मागून ट्रक हॉर्न वाजवत येतात. अप्पा खुशीत होते. म्हणाले, "बघ, कशी दगडासारखी चाललीय."

घाट चढून वर आलो. मानपूरच्या अलीकडे रस्ता सरळ झाला, मी जरा वेग घेतला, आणि गाडी अचानक डावीकडे खेचू लागली. इतकी एकदम की मला वाटलं स्टिअरिंगच तुटलं. खडखड असा आवाज आला. मी ब्रेकवर पाय ठेवला नाही; ते अप्पांनीच शेतात शिकवलं होतं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं, ॲक्सिलरेटर सोडला, इंडिकेटर लावले आणि गाडी आपोआप मंदावली तशी कडेला घेतली. अप्पांचा उजवा पाय रिकाम्या फरशीवर ब्रेक दाबून बसला होता.

पुढचं डावं चाक जमिनीला टेकलं होतं. एक छोटासा खिळा, बोटाच्या पेरापेक्षाही लहान, मध्यभागी.

"एवढ्याशा खिळ्यानं?" अप्पा म्हणाले.

आम्ही दोघांनी स्टेपनी लावली. शेजारून ट्रक गेला की गाडी जॅकवर हलायची. मानपुरात पोचून मी पहिल्याच मोठ्या टायरच्या दुकानासमोर गाडी उभी केली. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला, कुठपर्यंत पोचलात म्हणून. मी खरं सांगितलं.

"अगं बाई! हायवेवर? मी म्हणत होते ना! बस झालं. उद्या छुट्टी टाक, फोन करून सांग तब्येत खराब आहे म्हणून. ह्या गाडीत उद्या तू नाही जाणार, मी सांगून ठेवते."

फोन स्पीकरवर नव्हता, पण अप्पांना सगळं ऐकू गेलं. त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"विहीणबाई, रामराम. गाडी व्यवस्थित आहे, पोर व्यवस्थित आहे. तिनं गाडी अशी थांबवली की मलाही जमली नसती. चाकाचं काय ते बघतो आणि येतो. उद्याचं उद्या बोलू." आणि त्यांनी फोन बंद करून मला परत दिला. चेहरा मात्र उतरला होता.

दुकानात ट्रकची गर्दी होती. दुकानदारानं आमचं चाक मशीनवर घेतलं, टायर एका बाजूनं मोकळा केला आणि ट्यूब ओढून बाहेर काढली.

"ट्यूब तो गई. नई डाल दूँ?" त्याला घाई होती.

अप्पा म्हणाले, "थांब जरा." त्यांनी ट्यूब हातात घेतली आणि उजेडाकडे धरली. खिळ्याच्या भोकाजवळ ती लांबच लांब फाटली होती. पण अप्पा बघत होते ते दुसरंच. ट्यूबवर जागोजागी घासल्याचे मऊ, निस्तेज पट्टे पडले होते. मग त्यांनी टायरच्या आत हात घातला आणि आतून फिरवला. बाहेर आला तेव्हा बोटांना काळी पूड लागली होती, पिठासारखी बारीक.

"आज सकाळीच घातली होती," ते म्हणाले. "नवीकोरी."

मीही हात घातला. टायर आतून बारीक रेघांचा होता आणि एका जागी कागदी स्टिकर. दुपारपासून घाटात आणि उन्हात ट्यूब त्यावर घासत आली होती. "आतल्या आत घासली, गरम झाली," मी म्हटलं. "आणि खिळा लागला तशी हवा व्हॉल्व्हच्या भोकातून सरळ बाहेर. रिमचं भोक ट्यूबच्या नळीभोवती मोकळंच असतं ना. ट्यूब नसती तर त्याच खिळ्यावर आपण इंदूरला पोचलो असतो."

हे मी समजावून सांगायला म्हटलं, पण बोलून झाल्यावर ते आरोपासारखं वाटलं. अप्पा फाटकी ट्यूब घडी करत होते, नीट, जशी माणूस धुतलेला टॉवेल घडी करतो.

"तुमचा प्रश्न पहिल्या दिवशीच बरोबर होता अप्पा," मी म्हटलं. "रिम वाकली तर काय. रिम खरंच वाकली. इलाज फक्त रिमचा करायचा होता, आणि तो मीच टाळत राहिले."

"माझ्या जीपला ट्यूब घरची होती," अप्पा म्हणाले. "इथं ती पाहुणी. पाहुणीला राबायला लावलं." आणि मग दुकानदाराकडे वळून, हिंदीत, जरा जोरात: "रिम सीधा करेगा क्या?"

"करेगा ना. लोहे का है. पर टाइम लगेगा."

"टाइम है. चारों का ट्यूब निकाल, स्टेपनी का भी. सब बिना ट्यूब का."

दुकानदारानं आमच्याकडे असं बघितलं, जणू आम्ही नवसाची चाकं करायला आलो आहोत. पण गर्दी ओसरली तशी त्यानं कामाला सुरुवात केली. रिमची दबलेली कड हातोडीनं, खाली लाकूड धरून, थोडी थोडी वर घेतली. अप्पांनी रिम जमिनीवर फिरवून बघितली आणि दोनदा परत करायला लावली. टायरची कड जिथं बसते तिथला गंज तारेच्या ब्रशनं घासून काढला. रिममधली ट्यूबच्या नळीची भोकं मोकळी झाली होती, तिथं ट्यूबलेसचे नवे रबरी व्हॉल्व्ह बसवले. त्या खिळ्याच्या भोकाला आतून पॅच लावला. टायर फार वेळ सपाट चालला नव्हता, बाजूच्या भिंती आतून शाबूत होत्या, ते मी स्वतः टॉर्चनं बघितलं. मग कडेला चिकट द्रव फासून मोठ्या कॉम्प्रेसरनं हवा सोडली. टप्, टप् असे दोन आवाज आले आणि टायर दोन्ही बाजूंनी रिमवर बसला.

"हा आवाज बरा आहे," अप्पा म्हणाले.

साबणाचं पाणी त्यांनी दुकानदाराच्या हातातून घेतलं. प्रत्येक चाकाच्या कडेवरून, व्हॉल्व्हवरून ओतलं आणि चष्मा कपाळावर चढवून, नाक चाकाला लावून बघत बसले. कुठेही बुडबुडा नाही. तरी ते म्हणाले, "एक बार और."

चार ट्यूबा चांगल्या उरल्या होत्या. मी एक मागच्या डिकीत ठेवायला लावली. "कधी खेड्यात बाजूची भिंत चिरली किंवा कड सुटली आणि कॉम्प्रेसर नसला, तर हीच घरापर्यंत आणेल. हळूहळू," मी म्हटलं. ते मी मनापासून म्हटलं होतं. अप्पांनी ती स्वतः डिकीत सरकवली.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई वाट बघत होत्या. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, अप्पांना म्हणाल्या, "अप्पाजी, तुम्ही सोबत आहात म्हणून जाऊ देते उद्या. बस कल का दिन." मी समजले. सोमवार नीट पार पडला नाही तर मंगळवारी ह्या घरात वेगळी चर्चा होणार होती.

रात्री मावठा पडला. सकाळी रस्ते ओले होते. मी चारही चाकांची हवा मोजली. मानपूरला भरली होती तेवढीच. गांधीनगर मागे टाकलं, हातोद मागे टाकलं. दोन्ही बाजूंना गहू पिवळा पडत आलेला. खड्डे मी आता डबकं समजत नव्हते; दिसलं पाणी की वेग कमी.

मग टिक्-टिक्-टिक् असा आवाज सुरू झाला. वेग वाढवला की आवाज भरभर, कमी केला की सावकाश. अप्पांनी मान वळवली.

"चाकात काहीतरी आहे."

मी थांबवली. मागच्या उजव्या चाकात खिळा, चांगला जाड, डोकं झिजून चकचकीत झालेलं. अप्पांनी क्षणही न घालवता डिकीतून पक्कड काढली.

"काढू नका अप्पा!"

त्यांचा हात तिथेच थांबला. "खिळा ठेवून चालवायची?"

"काढला तर भोक मोकळं. आत आहे तोवर तोच बूच आहे."

"मग स्टेपनी लावू. किती वेळ लागतो?"

मी रस्त्याची कड बघितली. मावठ्यानं भिजलेली काळी माती, उताराची. तिथं जॅक लावला तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅक खाली गेला असता. मी हवा मोजली. सकाळपेक्षा थोडी कमी झाली होती, थोडीच. साबणपाण्याची बाटली आज डिकीत होती. खिळ्यावर ओतलं तर एकच बारीक बुडबुडा, तोही आळसावलेला.

"भिंतीत नाही, मधल्या नक्षीत आहे. पंप लावते, थोडी जास्तीची हवा भरते आणि सावकाश जाऊ. दर थोड्या वेळानं थांबून मोजू. देपालपूर आता जवळ आहे."

अप्पांच्या हातात पक्कड तशीच होती. चाळीस वर्षं चाकात खिळा दिसला की त्यांनी पहिल्यांदा तो काढला असणार. पंप घरघरत होता. एका ट्रॅक्टरवाल्यानं थांबून विचारलं, "क्या हुआ बाबूजी, पंचर?"

"हाँ," अप्पा म्हणाले. "पर चलेगा."

निघालो. मी नेहमीपेक्षा बरीच हळू चालवत होते. टिक्-टिक् सोबत होतंच. एका ठिकाणी थांबून मोजलं. अप्पांनीच मापक लावला, वाकून आकडा वाचला आणि म्हणाले, "आहे." पुढच्या वेळी मी गाडी थांबवायच्या आधीच ते दार उघडायला लागले. "आहे," ते पुन्हा म्हणाले, आणि ह्या वेळी आवाजात थोडं आश्चर्य होतं.

कॉलेजच्या फाटकात शिरले तेव्हा एक्सटर्नलची गाडी अजून आली नव्हती. मी चावी अप्पांच्या हातात दिली आणि लॅबकडे पळाले. ब्युरेट धुवून रांगेत लावली, द्रावणांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवल्या, ॲप्रन चढवला. एक्सटर्नल आले तेव्हा पोरं जागेवर उभी होती आणि मी फळ्यावर सूचना लिहीत होते. प्राचार्य त्यांना आत आणताना माझ्याकडे बघून फक्त मान हलवून गेले.

मधेच एकदा मी एका मुलीला ब्युरेटची तोटी कशी हळू सोडायची ते दाखवत होते, शेवटच्या थेंबाला रंग कसा टिकतो ते. खिडकीबाहेर अप्पा दिसले. हात पाठीमागे बांधून उभे. मला शिकवताना त्यांनी ह्याआधी कधी बघितलं नव्हतं. मी हात हलवला नाही, कारण मुलगी थेंब मोजत होती. त्यांनाही ते समजलं असावं. तेही हलले नाहीत. गुलाबी रंग टिकला, मुलगी खूश झाली, मी पुढच्या टेबलाकडे गेले. पुन्हा बघितलं तेव्हा ते बाकावर बसून शिपायाशी बोलत होते.

बॅच संपली. प्राचार्य लॅबच्या दारात आले. "बढ़िया हुआ मैडम. कल वाली बैच दूसरी मैडम को देने वाला था, पर आप ही ले लीजिए. परसों वाली भी. और इस हफ्ते में ऑफिस से अपने पक्के वाले कागज़ देख लीजिएगा."

मी बाहेर येऊन अप्पांना सांगितलं. त्यांनी "बरं झालं" एवढंच म्हटलं, आणि मग डोळ्यांवरचा चष्मा काढून बराच वेळ धोतराच्या सोग्यानं पुसला. त्यांनी चाक स्टँडजवळच्या दुकानात दाखवून पट्टी घालून आणलं होतं. "चाक खोललंसुद्धा नाही त्यानं," ते म्हणाले. "मी म्हटलं साबणपाणी टाक. टाकलं. काही नाही."

घरी परतताना हातोद आलं तेव्हा ते म्हणाले, "उद्या सकाळी मला स्टँडवर सोडशील? शिरपूरची पहिली गाडी कधी असते?"

"उद्या? तुम्ही तर आठवडाभर राहणार होतात. कपडे आणलेत. उद्या, परवा बॅच आहेत अजून."

"कपडे परत नेता येतात."

"राहा ना अप्पा."

"राहिलो असतो. पण मी राहिलो तर विहीणबाई म्हणतील, वडील आहेत म्हणून जाते. मग मी गेल्यावर पुन्हा तेच. तू उद्या एकटी जा. मीच आज त्यांना सांगतो, मला चिंता नाही म्हणून. मी सांगितलं तर त्या ऐकतील."

त्यांनी सांगितलं. जेवताना, वरण वाढून घेताना, अगदी सहज. सासूबाईंनी आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "पक्का?" त्या म्हणाल्या. अप्पा म्हणाले, "पक्का." सासूबाईंनी मला आणखी एक पोळी वाढली आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्याला काय देऊ ते विचारलं.

सकाळी अप्पांना स्टँडवर सोडलं. बस लागलेली होती. त्यांनी पिशवी खिडकीतून आत टाकली, जागा धरली आणि मला म्हणाले, "जा आता, तुला उशीर होईल." मी गाडी वळवली आणि देपालपूरच्या रस्त्याला लागले.